‘रुळलीस का?’ : नव्या सुनेच्या पहिल्या सणाचं एक प्रकरण

लग्नाला चौथा महिना चालू होता. दोघं नोकरीमुळे वेगळ्या गावी राहणारी, त्यामुळे सासरच्या माणसांशी तिची ओळख म्हणजे लग्नातली धावपळ आणि फोनवरचं ‘कशी आहेस’ एवढीच. सणाच्या निमित्ताने तीन रात्री सासरी मुक्काम ठरला. घरात सासू-सासरे, आजेसासूबाई, मोठे दीर, जाऊ, त्यांची आठ वर्षांची मुलगी, काका, काकू, आत्या आणि चुलत दीर. या दोघांना धरून बारा माणसं.

मी लग्न ठरलेल्या आणि नुकतं लग्न झालेल्या जोडप्यांशी समुपदेशक म्हणून बोलते. ही दोघंही लग्नाआधी माझ्याकडे येऊन गेली होती. पहिल्याच रात्री दहाच्या सुमारास तिचा फोन आला, गच्चीवरून, दबक्या आवाजात. “ताई, ऑफिसात मी पंचवीस माणसांपुढे तासभर बोलते. इथे मला चार वाक्यं सुचत नाहीयेत.” पुढचे दोन दिवस ती रात्री गच्चीवर जाऊन मला दिवसाचा वृत्तांत देत राहिली. तिच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून ते प्रकरण इथे मांडते आहे.

पहिली संध्याकाळ

येताना तिने मोबाईलवर अकरा विषयांची यादी करून आणली होती. मी ती वाचून दाखवायला सांगितली. सगळे प्रश्नच होते, आणि सगळे मुलाखतीत शोभावेत असे. तुम्हाला वाचायला काय आवडतं, तुमचं बालपण कुठे गेलं, निवृत्तीनंतर दिवस कसा जातो. यादी करणं चूक नाही, पण त्या यादीत त्या घरातली एकही वस्तू, एकही घटना नव्हती. कुठल्याही घरात खपली असती.

संध्याकाळी घडलं ते असं. बैठकीच्या खोलीत तिला मधल्या सोफ्यावर बसवलं आणि बाकीचे समोर, बाजूला, दारात. आत्यांनी सुरुवात केली. “काय मग, रुळलीस का?” ती म्हणाली, “हो.” थोडा वेळ कोणीच बोललं नाही. “ऑफिस कसं चाललंय?” हिने तोंड उघडायच्या आत नवरा म्हणाला, “अगं, तिला फार काम असतं.” पुन्हा शांतता. मग ती यादीतला प्रश्न घेऊन सासऱ्यांकडे वळली. “बाबा, तुम्ही दिवसभर काय करता?” ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “काय करणार, बसून असतो.” तेवढ्यात आत्यांनी हसत हसत विचारलं, “आणि गोड बातमी कधी देताय?” नवरा यावेळी मोबाईलमध्ये. हिने मान खाली घातली, आणि साडेनऊला डोकं दुखतंय म्हणून उठली.

तिचं निदान होतं, ‘मी त्यांना आवडले नाही.’ मला तसं वाटलं नाही. मला त्या संध्याकाळीत तीन वेगवेगळ्या गोष्टी दिसल्या आणि तिघींचाही आवडण्या-नावडण्याशी संबंध नव्हता.

पहिली म्हणजे बसायची जागा. मोकळ्या गप्पांचा घोळका चारापर्यंतच टिकतो, पाचवा आला की त्याची दोन टोळकी व्हायला लागतात, असं मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1995 मध्ये लोकांच्या गप्पांचं निरीक्षण करून मांडलं. लग्नघरात उभं राहून बघा, हे डोळ्यांनी दिसतं. बारा माणसं एका माणसाकडे तोंड करून बसली की त्याला गप्पा म्हणत नाहीत, तोंडी परीक्षा म्हणतात. तिथे कोणीही अवघडेल. तेच बारा जण तीन ठिकाणी पांगले तर प्रत्येक ठिकाणी बोलणं आपोआप सुरू होतं. सोफ्यावर बसून आपण बोलके कसे होऊ, हा प्रश्नच तिने सोडून द्यायला हवा होता. सोफा सोडला की पुरे.

दुसरी म्हणजे ‘रुळलीस का?’ला दिलेलं ‘हो’. अशा बोलण्यातून माहिती हवी नसते. ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की या अभ्यासकाने 1923 मध्येच दाखवून दिलं की माणसं पुष्कळदा केवळ सोबत जोडायला बोलतात, शब्दांच्या अर्थाला तिथे फारसं महत्त्व नसतं. आत्यांनी दारावर टकटक केली होती. ‘हो’ म्हणजे आतून दिलेलं ‘आहे मी घरात’, पण कडी काढलीच नाही. आता आत्यांनी काय करायचं? दुसरी टकटक, म्हणजे ऑफिस. तिथे नवऱ्याने उत्तर दिलं. तिसरी टकटक त्यांच्या हाताशी जी कायमची असते ती, गोड बातमी. लोक नको ते प्रश्न विचारतात याचं एक साधं कारण हेच असतं की आधीच्या साध्या प्रश्नांना पकडायला काही मिळालेलं नसतं. अर्थात सगळ्यांच्या बाबतीत नाही. काहींना मुळातच नको ते विचारायचं असतं.

मी तिला म्हटलं, उत्तराला एक खुंटी ठेव. समोरच्याला आपलं काहीतरी अडकवता येईल अशी. तिने विचार करून तयार केलेलं वाक्य असं होतं : “हो, फक्त अजून बटणं चुकतात. मघाशी बाथरूमचा दिवा लावायला गेले आणि जिन्यातला लागला.” हे वाक्य मला फार आवडलं, कारण त्यात जमेच्या बऱ्याच बाजू आहेत. ते त्यांच्याच घराबद्दल आहे, पण तक्रार नाही. चूक स्वतःची आहे आणि तीही क्षुल्लक. आणि ऐकणारा कोणाची बाजू न घेता त्यात भर घालू शकतो. “त्या बटणांचं काही विचारू नकोस” इथून पुढे आत्या कुठेही जाऊ शकतात. याउलट “हो, फक्त रात्री नीट झोप लागत नाही” ही खुंटी नव्हे. त्यावर सासूबाईंना गादीची काळजी पडते.

तिसरी गोष्ट सासऱ्यांना विचारलेला प्रश्न. ‘तुम्ही दिवसभर काय करता’ हे कामावरच्या माणसाला चालतं. निवृत्त माणसाला तो हिशेब मागितल्यासारखा लागतो. हेतू चांगला असून प्रश्न बोचतो तो बहुतेकदा यामुळे, की तो एका दमात सगळ्या आयुष्याबद्दल विचारलेला असतो.

तिचं म्हणणं होतं की शांतता सर्वांत वाईट. दहा भाषांमधल्या संभाषणांची तुलना करणारा एक अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्रश्न आणि उत्तर यांच्यामधलं सरासरी अंतर सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास निघालं. त्यामुळे दोन सेकंद कोणी बोललं नाही तरी नवख्याला दरीच्या काठावर उभं राहिल्यासारखं होतं. पण जी माणसं तीस वर्षं एका छपराखाली राहिली आहेत ती एकमेकांशी सारखी बोलत नसतात. बाबा आणि काका शेजारी बसून अर्धा तास न बोलता पेपर वाचतात, हे तिने पाहिलं होतं. पण तीच शांतता तिच्या बाबतीत पडली की तिला नापसंतीची वाटत होती.

फोन ठेवताना मी एवढंच सांगितलं. उद्या जिथे कोणाच्या हातात काही काम आहे तिथे जाऊन बस. आणि आत्ता झोपण्याआधी नवऱ्याकडून पाव तास शिकवणी घे : कोणाला काय सांगायला आवडतं, आणि कुठला विषय काढायचा नाही. त्याने शिकवणी दिली. अर्धवट दिली, ते पुढे कळलं.

वायरची गाठ

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा व्हरांड्यात स्टुलावर बसून दिव्यांच्या माळेचा गुंता सोडवत होते. ती जाऊन जमिनीवर बसली आणि माळेचं दुसरं टोक धरलं. पहिली आठ-दहा मिनिटं बोलणं झालं ते फक्त “हे इकडून काढ”, “थांब, ताणू नकोस”, “हा फेरा खालून गेलाय बहुतेक” एवढंच. मला ती रात्री हे जवळजवळ माफी मागत सांगत होती. मी म्हटलं, अगं, हेच तर झालं की. हात कामात असले की डोळ्याला डोळा भिडवावा लागत नाही, गप्प राहणं चालून जातं आणि बोलावंसं वाटलं तर विषय हातातच असतो.

मग तिला माळेवर एका जागी लाल चिकटपट्टी गुंडाळलेली दिसली. “बाबा, ही पट्टी तुम्ही लावलीत?”

प्रश्न किती लहान आहे बघा. उत्तर हो किंवा नाही एवढंच, आयुष्याचा हिशेब कुठेही नाही, आणि बोट एका दिसणाऱ्या वस्तूवर. काल त्याच माणसाने ‘बसून असतो’ म्हणून विषय संपवला होता. आज त्यांनी माळ मांडीवर ठेवली. भाऊजी सहा वर्षांचे असताना त्यांनी कोणाचं लक्ष नाही असं बघून माळ जोडायला घेतली, सोललेल्या दोन तारा एकमेकींना लागल्या, आणि सणाच्या दिवशी अख्खी इमारत अंधारात. सगळे बिऱ्हाडकरू मेणबत्त्या घेऊन जिन्यात. मध्यरात्रीपर्यंत जिन्यातच गप्पा. “तसा सण पुन्हा झाला नाही,” बाबा म्हणाले.

इथे ती गोष्टीच्या शेवटी ‘वा, छान’ म्हणू शकली असती. तिने विचारलं, “मग फ्यूज कोणी बसवला?” हा प्रश्न यादीत असूच शकत नाही, कारण तो त्या गोष्टीतल्या रिकाम्या जागेतून आलाय. बाबा हसायला लागले. स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला, “सांगा की आता खरं!” आणि त्या ओल्या हातांनीच बाहेर आल्या. “खालच्या मजल्यावरची शाळकरी मुलगी आली, तिनं बसवला. हे नुसते बॅटरी धरून उभे.” बाबा म्हणाले, “मी बॅटरी धरली म्हणून तर दिसलं तिला.” एवढ्यात भाऊजी आले, कारण त्यांच्या मते तारा त्यांनी नाही, चुलतभावाने लावल्या होत्या. चार माणसं, एक लाल पट्टी, वीस मिनिटं.

नव्या माणसाकडे घरात कोणाकडेच नसलेली एक गोष्ट असते, आणि ती हीच. त्याने एकही गोष्ट ऐकलेली नसते. बाबांची फ्यूजची गोष्ट घरातल्या प्रत्येकाने इतक्यांदा ऐकली आहे की ते ती सुरू करू लागले तरी कोणीतरी ‘हो हो, माहितीये’ म्हणणार. त्यांना ती पूर्ण सांगायला निमित्त उरलेलं नव्हतं. ते निमित्त ही सून घेऊन आली. चार्ल्स गुडविन या अभ्यासकाने 1979 मध्ये एका जेवणाच्या टेबलावरचं एकच वाक्य तपासलं होतं. बोलणारा माणूस पाहुण्याला सांगत होता की मी सिगारेट सोडली. बोलता बोलता त्याची नजर बायकोकडे गेली. तिला तर ही बातमी ठाऊक होती, म्हणून वाक्याच्या मधोमध त्याने ‘आज बरोबर आठवडा झाला’ असं जोडलं, म्हणजे तिलाही काही नवं मिळावं. ज्याला माहीत आहे आणि ज्याला माहीत नाही, अशी दोन्ही माणसं समोर असली की गोष्ट अशी वळत जाते. व्हरांड्यात नेमकं तेच झालं. बाबा सांगत होते सुनेला, पण ज्यांना माहीत होतं ते सुधारणा करायला धावून आले. तिने स्वतः त्यामानाने थोडीच वाक्यं बोलली असतील. तरी संध्याकाळी सासूबाई फोनवर कोणाला तरी सांगत होत्या, “चांगली गप्पिष्ट आहे हो.”

मात्र मधे एकदा गाडी रुळावरून उतरली होती. बाबा जिन्यातल्या मेणबत्त्यांवर आले तेव्हा ती म्हणाली, “आमच्या होस्टेलवर पण असंच झालं होतं एकदा,” आणि मग दोन-तीन मिनिटं होस्टेलची गोष्ट. तिच्या लक्षात आलं की बाबांनी मांडीवरची माळ पुन्हा उचलली आहे, बोटं गाठ शोधू लागली आहेत, आणि ‘हं’ जरा लांबत चाललंय. समाजशास्त्रज्ञ चार्ल्स डर्बर यांनी 1979 मध्ये या दोन प्रकारच्या प्रतिसादांत फरक केला : एक बोलणाऱ्याला पुढे बोलू देतो, दुसरा विषय आपल्याकडे ओढून घेतो. ‘आमच्याकडे पण’ हा दुसऱ्या जातीचा. जवळीक दाखवायला म्हणून आपण तो बोलतो, आणि समोरच्याच्या हातातला घास काढून घेतल्यासारखं होतं.

आपली गोष्ट सांगायचीच नाही असं नाही. नुसती विचारत राहणारी सूनही थोड्या वेळाने पोलीस वाटू लागते. पण त्यांची गोष्ट हसून संपू द्यावी, आपली तिच्याहून लहान ठेवावी आणि संपताच चेंडू परत करावा. हिने मधेच स्वतःला सावरलं ते चांगलं सावरलं. “पण आम्ही अख्खी इमारत नव्हती अंधारात घातली. मग तुमच्याकडे वीज आली कधी?” बाबांनी माळ खाली ठेवली.

भांडी पुसताना

दुपारी जेवणं आटोपल्यावर जाऊ भांडी विसळत होती आणि ही पुसत होती. नऊ वर्षांपूर्वी घरातली सर्वांत नवी व्यक्ती ही जाऊच होती. त्यामुळे हिला विचारायचा मोह झाला तो असा : “ताई, तुम्हाला सुरुवातीला काय जड गेलं?” बरं झालं, तो प्रश्न तिने गिळला. सासूच्या स्वयंपाकघरात उभं राहून धाकट्या जावेने मोठीला हे विचारणं म्हणजे कागाळी करायचं आमंत्रण. तिने विचारलं, “कुठलं झाकण कुठल्या डब्याचं हे कळायला तुम्हाला किती दिवस लागले?” जाऊ म्हणाली, “नऊ वर्षं झाली, त्या निळ्या डब्याचं झाकण मला अजून सापडलेलं नाही.” मग दोघींनी मांडणी धुंडाळली. सापडलं नाही, पण तोवर अहो-जाहो गळून ‘अगं’वर आलं होतं.

तरीही कागाळी आलीच. हात धुता धुता जाऊ म्हणाली, “आईंचं ना, काही विचारू नकोस. कितीही करा...” आणि वाक्य अर्धवट सोडून हिच्याकडे पाहिलं. अशी अर्धी वाक्यं नव्या माणसाला अवघड, कारण ती पूर्ण करायचं काम त्याच्यावर टाकलेलं असतं. ‘हो ना, मलाही जाणवलं’ म्हटलं तर ते वाक्य संध्याकाळपर्यंत तिच्या नावाने घरभर फिरतं. ‘नाही हं, आई तर किती चांगल्या आहेत’ म्हटलं तर जाऊ मिटते, आणि पुन्हा कधी उघडत नाही. ही म्हणाली, “सणाचं दमायला होतं नाही खूप? दे, ती मोठी पातेली मी घासते.” दमणुकीला हुंकार दिला, माणसावर शेरा मारला नाही, आणि हाताने काम उचललं. माझ्या मते तीन दिवसांतला हा तिचा सगळ्यात चतुर क्षण. तिला मात्र तो आठवणीतही राहिला नव्हता. भांड्यांची हकिकत सांगताना ओघात बोलून गेली.

फोटोंचा डबा

त्या रात्री काकूंनी जुन्या फोटोंचा पत्र्याचा डबा काढला. फोटो म्हणजे लाल पट्टीचाच मोठा भाऊ, प्रत्येक कागदामागे एक गोष्ट. काकू, आत्या, पुतणी आणि ही अशा चौघी सतरंजीवर. पाऊण तास छान गेला. मग एका फोटोच्या कडेला उभ्या असलेल्या तरुणावर बोट ठेवून हिने विचारलं, “हे कोण?”

काकू म्हणाल्या, “असेच, नात्यातले.” आत्यांनी काकूंकडे पाहिलं. आणि तो फोटो गठ्ठ्याच्या तळाशी गेला.

तिच्या ओठावर पुढचा प्रश्न आला होता, ‘आता कुठे असतात?’ सकाळी फ्यूजच्या वेळी ज्या युक्तीने काम केलं तीच. पण खुणा ओळखण्यासारख्या होत्या. इतका वेळ प्रत्येक फोटोला नाव, साल, कोणाचं लग्न, कोणाची साडी असं सगळं येत होतं आणि इथे दोन शब्द. उत्तर देणारीने तिच्याकडे पाहिलं नाही. ऐकणारीने तिसरीकडे पाहिलं. आणि वस्तू नजरेआड केली. यातली एकच खूण असती तर तो योगायोग म्हणता आला असता. सगळ्या एकदम आल्या की मागे फिरायचं, आणि फिरताना ‘सॉरी, मी काही चुकीचं विचारलं का’ असंही म्हणायचं नाही, कारण मग काकूंना तिची समजूत घालत बसावं लागतं. तिने गठ्ठ्यातला वरचा फोटो उचलला. “आणि ही फ्रॉकमधली, ही आत्या ना?” आत्या लगेच पुढे सरकल्या.

नंतर खोलीत नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, “अरे हो, ते राहिलंच सांगायचं.” वाटणीवरून झालेलं जुनं भांडण, पंधरा वर्षं येणं-जाणं बंद. घरातल्या माणसाला ज्या गोष्टीची सवय झालेली असते ती त्याला सांगण्यासारखी वाटतच नाही. म्हणून ‘काही विचारू नये असं आहे का?’ असं मोघम विचारलं की उत्तर ‘छे, तसं काही नाही’ असंच येतं. ‘सणाला पूर्वी यायचे आणि आता येत नाहीत असं कोण आहे?’ असं विचारलं तर आठवतं. हे मी तिला आदल्या रात्रीच सांगायला हवं होतं. माझीच चूक.

नवऱ्याचं काम

तिसऱ्या दिवशी मी त्याच्याशी बोलले, पाच मिनिटं. बिचाऱ्याला वाटत होतं की तो तिला सांभाळून घेतोय. पहिल्या संध्याकाळी ऑफिसच्या प्रश्नाला त्याने उत्तर दिलं ते तिला त्रास नको म्हणून. त्यामुळे झालं असं की तिला सहज जमलं असतं तिथे तो बोलला, आणि गोड बातमीवर, जिथे त्यानेच बोलायला हवं होतं, तिथे मोबाईल. विचारणारी त्याची आत्या आहे. तिला थांबवणं त्याला शोभतं, चार महिन्यांच्या सुनेने थांबवलं तर तो उद्धटपणा ठरतो.

त्या दुपारी आत्यांनी पुन्हा विचारलंच. तो म्हणाला, “आत्या, ते असेल तेव्हा पहिला फोन तुलाच करीन. तू आधी हिला ते गाडी चुकल्याचं सांग. तिने ऐकलेलं नाहीये.” अडवणं आणि गोष्ट मागणं एका श्वासात. आत्यांना वाईट वाटायला सवडच मिळाली नाही. चुकीच्या फलाटावर उभं राहून त्यांनी हात हलवून स्वतःच्याच गाडीला निरोप दिला होता, ती गोष्ट वीस मिनिटं चालली. ‘तिने ऐकलेलं नाहीये’ हे वाक्य जोडीदाराने पाठ करून ठेवावं. ‘अगं, बोल ना तू पण काहीतरी’ हे कधीही म्हणू नये. त्या वाक्यानंतर जगात कोणालाही काहीही सुचत नाही.

जे जमलं नाही

काकांशी शेवटपर्यंत सूर जुळला नाही. ते वर्तमानपत्रातून डोकं वर काढत, ‘हं, बरं’ म्हणत आणि पुन्हा आत जात. तिने दोनदा प्रयत्न केला. एकदा शब्दकोड्यावरून, त्यावर त्यांनी कोडं असलेलं पान काढून तिला देऊन टाकलं. तिला हसू आलं आणि तिने नाद सोडला. मी म्हटलं योग्य केलंस. काही माणसं पाच-सात सणांनंतर उघडतात, आणि काका सख्ख्या भावाशीही तेवढंच बोलतात.

आजींना ऐकू कमी येत होतं. मोठ्याने बोललं की सगळं घर ऐकतं, त्यामुळे तिथे गप्पा अशा झाल्याच नाहीत. शेवटच्या सकाळी ती आजींच्या शेजारी बसून चादरींच्या घड्या घालत होती. आजींनी तिच्या हातातली चादर काढून घेतली, घडी मोडली, आपल्या पद्धतीने पुन्हा घातली आणि परत दिली. पुढच्या चादरीला हिने तशीच घातली. आजींनी मान डोलावली. हे मला सांगताना ती पहिल्यांदा गच्चीवर असल्यासारखी दबक्या आवाजात बोलत नव्हती. आणि हो, या तीन दिवसांत सगळं गोडच होतं असंही नाही. ज्या घरात सुनेची परीक्षाच घ्यायची असं ठरलेलं असतं तिथे खुंट्या, फोटो, वायरी यांचा उपयोग होत नाही. तिथे प्रश्न गप्पांचा नसतो आणि त्यावर मी असं प्रकरण लिहिलंही नसतं.

परतल्यावर आठवड्याभराने तिने विचारलं, आता फोनवर काय बोलू? पुन्हा ‘कशा आहात, बरी आहे’ वरच आलंय. मी म्हटलं, तीन दिवसांत जे अर्धवट राहिलं असेल ते विचार. तिने जावेला मेसेज केला, “ताई, निळ्या डब्याचं झाकण सापडलं का?”

दहा मिनिटांनी फोटो आला. ओट्यावर एक निळं झाकण. खाली लिहिलं होतं, “माळ्यावर होतं. आता डबा कुठे गेला बघते.”